तीन ट्रेलर, वेट लायनर आणि कूलंटमधलं एससीए : वहीतल्या नोंदी

आमच्या तीन गाड्या, तिन्ही ट्रेलर, सहा सिलिंडरची मोठी इंजिनं, वेट लायनरवाली, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला बाहेरून थेट कूलंट लागतं. सोलापूरजवळच्या होटगीकडून सिमेंट भरायचं नाहीतर हैदराबाद रोडला जे मिळेल ते. गाड्यांना नंबरनं कुणी ओळखत नाही आमच्याकडं, एक ‘सिद्धेश्वर’, एक ‘रूपाभवानी’ आणि तिसरी नुसती ‘जुनी’. खाली जे लिहिलंय ते वहीतून उतरवलंय, चुका पण तशाच ठेवल्यात, कारण त्यातच पैसे गेलेत.

4 नोव्हेंबर 2024

जुनीची डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं. काल रात्री गाडी भरून उभी केली तेव्हा बरं होतं म्हणतोय ड्रायव्हर. आमचा ड्रायव्हर म्हणजे अण्णा, वडिलांच्या वेळचा माणूस, तो खोटं बोलत नाही. रेडिएटरमध्ये पाणी चार-साडेचार लिटर कमी. मिस्त्री म्हणाले, "मालक, हेड पॅकिंग गेलंय, दुसरं काय असणार." मी पण मान हलवली.

8 नोव्हेंबर

हेड उतरवलं, पॅकिंग बदललं, हेड बसवलं. 14,500 रुपये आणि तीन दिवस. जुनं पॅकिंग हातात घेऊन बघितलं तर कुठं जळालेलं, फाटलेलं दिसत नव्हतं, तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. पण गाडी उभी राहिली की हप्ता डोळ्यासमोर दिसतो, माणूस घाई करतो.

11 नोव्हेंबर

दोन फेऱ्या झाल्या आणि ऑइल परत चहा. आता मात्र मी म्हटलं की आधी बघायचं, मग उघडायचं. ऑइलचा चेंबर काढला, गाडीखाली सहाही सिलिंडरच्या खाली जुने पेपर पसरले, पेनानं एक ते सहा आकडे टाकले. रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टरचा हातपंप लावून 15 पौंड हवा मारली आणि चहा प्यायला गेलो. अर्ध्या तासानं आलो तर चार नंबरच्या पेपरवर रुपयाएवढा हिरवट डाग. टॉर्च मारून वर बघितलं तर लायनरच्या आतल्या अंगानं ओघळ येतोय. हेड पॅकिंगचा काही संबंधच नव्हता.

हे आधी केलं असतं तर 14,500 वाचले असते. चेंबर काढायला दोन तास लागतात, पेपर फुकट असतो.

13 नोव्हेंबर

चार नंबरचा लायनर ओढून काढला. बाहेरून पुसला तर एका बाजूला उभी पट्टी, दोन बोटं रुंद, आणि त्या पट्टीत टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. बाकीचा लायनर गुळगुळीत. मुलाच्या शर्टाची सेफ्टी पिन घेऊन एकेका भोकात घातली, बरीचशी उथळ होती, एकात मात्र पिन आरपार गेली आणि टोक आतल्या चकचकीत बाजूला दिसलं. लायनर उन्हाला धरला तर तिथून सुईच्या नाकाएवढा उजेड येत होता. एवढ्याशा भोकानं अख्खं ऑइल घालवलं.

दोन आणि पाच नंबरमध्ये पण तशीच पट्टी, आरपार नाही. सगळ्यांची एकाच बाजूला, म्हणजे क्रँकच्या आडव्या अंगाला, जिकडं फायरिंगच्या वेळी पिस्टन रेटतो. गंज असता तर सगळीकडून लागला असता, असा एकाच रेषेत नाही.

मिस्त्री म्हणाले पाण्यानं खाल्लं. खाल्लंय खरं, पण कसं ते समजून घ्यायला दोन दिवस इकडं तिकडं विचारत बसलो. पिस्टन दणका देतो तसा लायनर थरथरतो, पातेल्याला चमचा मारल्यावर थरथरतं तसा. वेट लायनरच्या बाहेर थेट कूलंटच असतं. लायनर आत सरकतो तेव्हा कूलंटला त्याच्यामागं तेवढ्या वेगानं जाता येत नाही, तिथं क्षणभर वाफेचे बारीक बुडबुडे होतात, लायनर परत आला की ते फुटतात आणि प्रत्येक फुटणं म्हणजे लोखंडावर बारीक हातोडी. एससीए म्हणजे कूलंटमध्ये वरून टाकायचं रसायन, त्यातलं नायट्राइट लोखंडावर एक पातळ कडक थर धरून ठेवतं. बुडबुडा तो थर फोडतो, नायट्राइट परत धरतं. नायट्राइट संपलं की हातोडी सरळ लोखंडावर.

आणि आमच्या जुनीत नायट्राइट कुठून असणार, अण्णांना विचारलं पाणी किती टाकता तर म्हणाले, "रोज थोडं थोडं, धाब्यावर पाइप असतो की." रेडिएटरचं झाकण तपासलं तर पाच पौंडालाच सोडतंय, 15 ला धरायला पाहिजे. म्हणजे दोन्हीकडून मार. झाकण प्रेशर धरत नाही म्हणून बुडबुडे लवकर होतात आणि पाणी उडतं, आणि उडालेलं भरायला साधं पाणी टाकलं की एससीए पातळ होत जातं.

21 नोव्हेंबर

सहाही लायनर, पिस्टन, रिंगा, ओरिंग, बेअरिंग (ऑइलमध्ये पाणी फिरलंय, ती ठेवायची हिंमत नाही झाली), मजुरी धरून 1,68,000. मिस्त्री म्हणत होते की उथळ भोकांचे दोन लायनर फिरवून बसवू, खाल्लेली बाजू दुसरीकडं जाईल. मी नाही म्हटलं, इंजिन दोनदा उघडायची मजुरी लायनरपेक्षा जास्त आहे.

23 नोव्हेंबर : जुनीत कूलंट भरणं

पहिलं पाणी. आमच्या घरच्या बोअरचं टीडीएस मीटरवर 1,140 आलं. इंजिनवाले सांगतात की कडकपणा 170 आणि क्लोराइड 40 मिलिग्रॅम लिटरच्या वर नको, एकूण विरघळलेलं 340 च्या आत. बोअरचं पाणी तिथंच बाद. वर एससीएमधल्या फॉस्फेटबरोबर कडक पाण्याचा चुना बसतो तो वेगळाच. आरओचे 20 लिटरचे जार आणले, मीटरवर 55.

मग माप. पुस्तकात लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष गाडी यात फरक पडतो, हीटर, होस, मधे कुणीतरी बदललेला रेडिएटर. मी इंजिन पूर्ण रिकामं करून लिटरच्या मापानं आरओ पाणी मोजून भरलं, हवा निघेपर्यंत चालवून परत भरलं, 38 लिटर बसलं. हा आकडा केबिनमध्ये पेंटनं लिहून ठेवला, कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे. ते पाणी सोडून दिलं, त्यात आतली घाण पण थोडी निघाली.

आता एससीए. आम्ही घेतलेलं नायट्राइट आणि मॉलिब्डेट दोन्ही असलेलं द्रवरूप. ते युनिटमध्ये मोजतात, एका गॅलनला दीड युनिट हा सुरुवातीचा डोस. 1.2 च्या खाली गेलं तर टाकायचं, 3 च्या वर गेलं तर थांबायचं. गॅलन अमेरिकन, 3.78 लिटरचा. 38 लिटर म्हणजे 10 गॅलन धरा, 15 युनिट लागणार. आमच्या डब्यात एका पिंटला पाच युनिट आहेत, पिंट पण अमेरिकनच, 473 मिली. म्हणजे तीन पिंट, 1.4 लिटर. ब्रिटिश पिंट धरला असता तर वीस टक्के जास्त गेलं असतं, मी पहिल्यांदा तसंच धरलं होतं, डब्याच्या मागं मिलीत लिहिलेलं वाचल्यावर लक्षात आलं.

ग्लायकॉलचं कॉन्सन्ट्रेट निम्मं, आरओ निम्मं, त्यात हे 1.4 लिटर बादलीत आधी ढवळून मग टाकलं. सोलापुरात काय गोठणार असं दुकानदार हसून म्हणाला, खरं आहे, पण ग्लायकॉलनं उकळबिंदू चढतो आणि एप्रिलमध्ये लोड घेऊन चढाव चढताना त्याचाच उपयोग.

झाकण नवीन. पाच मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळं वर सगळं घडलंय.

काढलेलं जुनं कूलंट ड्रममध्ये बंद करून ठेवलंय. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, गॅरेजसमोर कुत्री फिरतात.

30 नोव्हेंबर : स्ट्रिपनी तपासणी, पहिला प्रयत्न फसला

तीन गाड्यांच्या तपासणीसाठी स्ट्रिप घेतल्या. एका स्ट्रिपवर तीन चौकोन, एक ग्लायकॉल, एक मॉलिब्डेट, एक नायट्राइट. रंग तक्त्याशी जुळवायचा. सोपं वाटतं, आणि पहिल्या दिवशी मी एकाच डब्यातल्या कूलंटचे चार वेगवेगळे निकाल काढले.

काय काय चुकलं ते लिहितो. पहिली स्ट्रिप गरम कूलंटमध्ये बुडवली, गाडी नुकतीच बंद केली होती. कूलंट 10 ते 54 डिग्रीच्या मधे पाहिजे, हाताला सोसेल इतपत. (गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो.) दुसरी ओव्हरफ्लोच्या बाटलीतून घेतली, तिथलं कूलंट इंजिनमध्ये फिरलेलंच नसतं, नमुना रेडिएटरमधून किंवा नळातून घ्यायचा. तिसरी बुडवली आणि फोन आला, दोन मिनिटांनी बघितलं तर नायट्राइटचा चौकोन लाल भडक, मी खूश. बुडवून एक सेकंद, लगेच बाहेर, झटकायची, 45 सेकंद थांबायचं, मग ग्लायकॉल, मॉलिब्डेट, नायट्राइट या क्रमानं वाचायचं आणि 75 सेकंदांच्या आत संपवायचं. नंतर रंग चढतच राहतो, तो वाचायचा नाही. चौथी वेळेत वाचली पण गॅरेजच्या पिवळ्या बल्बखाली. आता दिवसाच बघतो, सावलीत, आणि मोबाइलवर टायमर लावून.

4 डिसेंबर : स्ट्रिपवर तरी विश्वास ठेवायचा का

माझ्याकडं दोन बाटल्या. एक नवीन, एक कुणीतरी दिलेली, झाकण नीट न लागलेली, केबिनमध्ये पडून राहिलेली. दोन्ही स्ट्रिप एकाच कूलंटमध्ये बुडवल्या तर नायट्राइट वेगवेगळं. खरी कुठली?

सोलापुरात याला एक सोय आहे. रंगाईवाल्यांकडं सोडियम नायट्राइट असतं, नॅप्थॉलच्या रंगाईत लागतंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीचे आहेत, त्यांच्याकडच्या केमिस्टनी तोलून दिलं. 1.2 ग्रॅम सोडियम नायट्राइट एक लिटर आरओ पाण्यात, म्हणजे 800 पीपीएम नायट्राइट. इथं मी आधी घोळ केला होता, 800 पीपीएम म्हणजे 0.8 ग्रॅम असं धरून चाललो होतो. केमिस्टनी सांगितलं की पावडरीत सोडियमचं पण वजन आहे, दीडपट घ्यावं लागतं. स्ट्रिपचा तक्ता नुसत्या नायट्राइटचा आकडा देतो, काही डब्यांवर सोडियम नायट्राइटचा आकडा असतो, दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की एक तृतीयांश माल गायब वाटतो.

त्या पाण्यात नव्या बाटलीची स्ट्रिप बरोबर 800 च्या आसपास आली. जुन्या बाटलीची निम्म्याच्या खाली. जुनी बाटली फेकली. तिच्यावर भरवसा ठेवून मी चांगल्या कूलंटमध्ये परत डबा ओतला असता.

सोडियम नायट्राइट दिसायला अगदी मिठासारखं आणि पोटात गेलं तर जीव जातो. उरलेलं परत देऊन आलो, घरी आणलं नाही. बनवलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘विष’ लिहून मिस्त्रींच्या कुलपात.

7 डिसेंबर : तिन्ही गाड्या

जुनी : दोन आठवडे झालेत. मॉलिब्डेट जागेवर, नायट्राइट एक घर खाली. नवीन लोखंड पहिल्यांदा थोडं नायट्राइट खातं असं ऐकलं होतं, म्हणून सोडून दिलं. पुढं हे महागात पडलं.

सिद्धेश्वर : दोन्ही चौकोन खाली, आणि ग्लायकॉल पण कमी. रिफ्रॅक्टोमीटर लावला, 50 टक्के भरलेलं आता 34. तिन्ही एकाच प्रमाणात उतरलेत म्हणजे कुणी खाल्लेलं नाही, पातळ झालंय. हिशोब जुळतो पण, 38 लिटरमध्ये थोडं थोडं करत 15 लिटर साधं पाणी गेलं की मूळ मालाचा दोन तृतीयांश उरतो, 50 चे 34 आणि दीड युनिटचं एक. 1.2 च्या खाली. ड्रायव्हरला विचारलं तर एका होसच्या क्लॅम्पमधून टिपकत होतं, तो रोज भरत होता, सांगितलं नव्हतं.

तिथं 12 लिटर काढून कॉन्सन्ट्रेट आणि एससीए हिशोबानं टाकलं. आणि आता प्रत्येक केबिनमध्ये पाच लिटरचा कॅन, आधीच मिसळलेला, निम्मं निम्मं आणि एससीएसकट. पाणी कमी झालं तर हाच टाकायचा. धाब्यावरचा पाइप हात धुवायला.

रूपाभवानी : स्ट्रिप तक्त्याच्या पार वरच्या टोकाला, 3 च्या पुढं. ही मला सगळ्यात भारी वाटली होती.

9 डिसेंबर : रूपाभवानीत जास्त कसं झालं

जास्त तर जास्त, चांगलंच की, असं मी म्हणत होतो. मिस्त्रींनी वॉटर पंपाखाली बोट फिरवून दाखवलं, पांढरट हिरवी खरखरीत पूड आणि खालच्या भोकातून ओल. एससीए जास्त झालं की ते विरघळून राहत नाही, पंपाच्या सीलपाशी गरम होऊन सुकतं आणि सीलच्या तोंडावर कण घासतात. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसलं तर वेगळाच खेळ.

कुठून आलं ते शोधायला बिलं काढली. ऑगस्टमध्ये भरलेलं कूलंट आधीच एससीए घातलेलं होतं, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे दीड युनिट. वर मीच ‘वेट लायनर आहे’ म्हणून 15 युनिटचा डोस ओतला, अजून दीड. आणि कूलंट फिल्टर बदलला त्याच्या आत पण आठ युनिट असतात, ते 10 गॅलनला 0.8. बेरीज 3.8. तीन जागी तीच वस्तू तीन नावांनी विकत घेतली आणि तिन्हीचे पैसे दिले.

उपाय साधा. 19 लिटर सोडलं, एससीए नसलेलं ग्लायकॉल आणि आरओ निम्मं निम्मं करून 19 भरलं, 3.8 चं 1.9. फिल्टर बिगर-केमिकलचा लावला. पंपाचं सील नाही वाचलं, पंप बदलावा लागला.

एक प्रकार इथंच सांगून ठेवतो. दुकानात लाल, नारिंगी लाँग लाइफवाली कूलंटं मिळतात, त्यातली बरीच सेंद्रिय आम्लांवर चालतात आणि काहींत नायट्राइट नसतंच. त्यात स्ट्रिप बुडवली तर शून्य दाखवणार, आणि शून्य बघून एससीए ओतलं तर चांगलं कूलंट बिघडणार. रंगावरून ओळखायचं नाही, रंग कंपनीच्या मर्जीचा. डब्यावरचं वाचायचं, आणि काय भरलंय ते माहीतच नसेल तर सगळं सोडून नव्यानं भरायचं.

28 डिसेंबर

जुनी : नायट्राइट अजून खाली. म्हटलं नवीन लोखंड आहे, खातंय. एक पिंट टाकला. नायट्राइट वर आलं, बरं वाटलं.

19 जानेवारी 2025

गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस गॅरेज बंद, मिस्त्री पण गायब. आज तपासलं. जुनीत नायट्राइट परत खाली, पहिल्यापेक्षा पण खाली. आणि मॉलिब्डेट मात्र पहिल्या दिवसापेक्षा वर.

इथं मी वही उघडून बसलो, आणि मला माझीच चूक दिसली. तक्त्यावर दोन्ही रंग जिथं एकमेकांना छेदतात तिथला युनिटचा एकच आकडा बघायचा आणि तो लिहायचा, असं मी डिसेंबरपासून करत होतो. तो आकडा ठीकच होता, दीडच्या जवळपास. कारण एक खाली जात होतं, दुसरं वर, आणि छेद तिथल्या तिथं. नशीब की समासात रंगाची घरं पण टिपली होती, नाहीतर हे कधी कळलं नसतं.

आता मी दोन्ही वेगळे लिहितो, आणि वाचायचं असं: मॉलिब्डेट फारसं कशानं संपत नाही, ते कमी झालं म्हणजे कूलंट गळलं आणि पाणी पडलं. नायट्राइट मात्र संपतं, ऑक्सिडेशन होऊन नायट्रेट बनतं, आणि नायट्रेट लायनर वाचवत नाही. म्हणून दोन्ही खाली गेले तर गळती आणि पाइपचं पाणी शोधायचं, आणि एकटं नायट्राइट गेलं तर त्याला आत कोण खातंय ते शोधायचं. एकटं नायट्राइट जात असताना एससीए ओतत राहिलं तर बाकी सगळं साचत जातं आणि जुनीची रूपाभवानी होते. मी तेच करत होतो.

22 जानेवारी

संशयित तीन. एक, कुठून तरी हवा ओढली जातेय. दोन, अर्थिंग खराब आणि कूलंटमधून करंट. तीन, सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये.

करंट आधी, कारण ते फुकट. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, कुठं धातूला न टेकवता. इंजिन बंद, मग चालू, मग लाइट, स्टार्टर सगळं लावून. 0.1 व्होल्टच्या आतच. हा नव्हे.

हवा. पंपाच्या ओढीच्या बाजूचे क्लॅम्प सगळे आवळले, प्रेशर टेस्टरनं रात्रभर 15 पौंड ठेवलं, सकाळी 14. हा पण नव्हे.

25 जानेवारी

शेजारच्या कार गॅरेजमधून गॅस तपासायचं भांडं आणलं, त्यात निळं पाणी असतं, रेडिएटरच्या तोंडावर बसवून वरची हवा त्यातून ओढायची, जळका गॅस असला की कार्बन डायऑक्साइडनं निळ्याचं पिवळं होतं. कूलंट आधी चार बोटं खाली घेतलं, नाहीतर तेच वर ओढलं जातं. लोड नसताना इंजिन चालवून पाच मिनिटं निळंच. मग अण्णांनी लोडची गाडी आणली, कुंभारीच्या पुढं जाऊन येऊन लगेच लावलं. निळं हळूहळू हिरवट आणि मग पिवळं. अण्णा म्हणाले, "पिवळं झालं की ओ."

1 फेब्रुवारी

हेड परत खाली. पॅकिंगवर चार नंबरपाशी काळा पट्टा. मिस्त्रींनी डायल गेज लावला, जे नोव्हेंबरमध्ये लावायला पाहिजे होतं. लायनर ब्लॉकच्या वर ठरलेल्या मापाएवढा निघालेला असावा लागतो, तेवढाच पॅकिंगला दाबतो. चार नंबर बाकीच्यांपेक्षा खाली. जुन्या लायनरखालच्या बैठकीवर कचरा होता, तो घासून साफ केला त्यात बैठक पण घासली गेली. मिस्त्री काही बोलले नाहीत, मी पण नाही. शिम टाकून सगळे सहा मोजून घेतले, कागदावर लिहून. मजुरी त्यांनी घेतली नाही, पॅकिंग आणि शिम धरून 11,200 माझे, आणि पाच दिवस.

निम्मं कूलंट बदललं, कारण मॉलिब्डेट वर गेलेलं. एससीए मॉलिब्डेटवर न जाता एकूण हिशोबानं टाकलं, नोंद केली.

1 मार्च

जुनी : नायट्राइट जागेवर, मॉलिब्डेट जागेवर, ग्लायकॉल 49. चार आठवड्यांत कॅनमधलं अर्धा लिटर लागलं.
सिद्धेश्वर : तिन्ही ठीक.
रूपाभवानी : 1.9 वरून अगदी किंचित खाली, पंप कोरडा.

12 एप्रिल

पारा 42. जुनी पूर्ण लोडवर, तापमानाचा काटा मधेच. स्ट्रिप : दोन्ही घरं मार्चसारखीच. अण्णांनी कॅन मागितला, रिकामा दिसला म्हणून विचारलं कुणी टाकलं, तर म्हणाले धाब्यावर दुसऱ्या ट्रेलरवाल्याचं पाणी संपलं होतं, त्याला दिलं. त्याची गाडी कुठलं कूलंट वापरते विचारलं का, तर नाही. नवीन कॅन भरून दिलाय, वर चिठ्ठी चिकटवलीय : फक्त आपल्या गाडीत.